दर ३८ मिलिमीटरला एक काळा ठिपका : नाशिकच्या कोर्टाजवळच्या एका प्रिंटरचं प्रकरण

सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या समोरच्या बाजूला टायपिंग आणि झेरॉक्सची बरीच दुकानं आहेत. त्यातल्याच एका दुकानातून ताईंचा फोन आला तेव्हा त्यांची तक्रार लेझर प्रिंटर बंद पडल्याची नव्हती. मशीन व्यवस्थित चालत होतं. त्यांना भीती वाटत होती ती छापून आलेल्या मजकुराची.

“दादा, प्रतिज्ञापत्रात आबाचा आंबा झालाय,” त्या म्हणाल्या. “वकीलसाहेबांनी पान परत पाठवलं.”

मी दुकानात जाऊन ते पान पाहिलं. शेतजमिनीच्या वाटणीचं प्रतिज्ञापत्र होतं. ‘आबा’ या नावातल्या ‘आ’च्या डोक्यावर मोहरीपेक्षाही लहान, गोल, काळाभोर ठिपका पडला होता, आणि तो बरोब्बर अनुस्वाराच्या जागी बसला होता. त्याच्या खाली गट क्रमांक १२५ मध्ये दोन आणि पाचच्या मधे तसाच दुसरा ठिपका होता, त्यामुळे ते १२.५ वाचलं जात होतं. इंग्रजी पत्रावर असा डाग पडला तर लोक त्याला डाग म्हणून सोडून देतात. देवनागरीत डोक्यावरचा ठिपका हे अक्षरच असतं, आणि सात-बाराच्या कामात दशांश चिन्हाने जमीन कमी-जास्त होते. ताईंची काळजी अगदी रास्त होती.

आता आधी काय झालं होतं ते. ठिपके सुरू झाल्यावर ताईंनी नेहमीच्या रिफिलिंगवाल्या मुलाला बोलावलं. त्याने पान पाहिलं, पट्टी लावली, दोन ठिपक्यांमधलं अंतर साडेसात सेंटीमीटर भरलं. “ड्रम गेलाय,” म्हणून त्याने काट्रिजचा ड्रम, म्हणजे ज्या नळकांड्यावर पानाचं चित्र आधी उमटतं तो, बदलला. ठिपके तसेच राहिले. ड्रम खराब निघाला असेल असं वाटून आठवड्याभरात त्याने दुसरा नवा ड्रम टाकला. ठिपके तरीही तिथेच. मुलगा प्रामाणिक होता, त्याने दुसऱ्या वेळी मजुरी घेतली नाही आणि ताईंचा मूळ ड्रम काळ्या कागदात गुंडाळून परतही दिला. त्याची पद्धतही चुकीची नव्हती. ठिपके ठरावीक अंतराने येत असतील तर ते कुठल्यातरी फिरणाऱ्या वस्तूमुळे येतात. त्या वस्तूचा एक फेरा पूर्ण झाला की तीच जागा पुन्हा कागदाला भिडते, म्हणून दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे त्या वस्तूचा परीघ. या मशीनमधला ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा. २४ गुणिले ३.१४ म्हणजे ७५.४ मिलिमीटर. पट्टीवर आलं साडेसात सेंटीमीटर. कोणीही ड्रमच म्हणेल.

चूक मोजणीत होती, आणि ती मला त्या प्रतिज्ञापत्रावर आधी दिसलीही नाही. दाट टाईप केलेल्या पानावर ठिपके लपतात. एखादा शिरोरेघेत मिसळतो, एखादा काळ्या अक्षराच्या पोटात जातो, एखादा तक्त्याच्या रेघेवर बसतो. म्हणून मी पहिलं काम केलं ते कोरी पानं छापण्याचं. वर्डमध्ये नवीन फाईल उघडली, डाव्या कोपऱ्यात फक्त एक ‘क’ टाईप केला आणि तीन प्रती सोडल्या. एखादं अक्षर टाकणं बरं, कारण काही प्रिंटर ड्रायव्हर पूर्ण कोरं पान छापायचं सोडून देतात.

कोऱ्या ए-फोर पानावर चित्र एकदम वेगळं होतं. डाव्या बाजूला एकाखाली एक, एका सरळ ओळीत, आठ ठिपके. चार नाही, आठ. सगळे सारख्याच आकाराचे, सारखेच गडद. मुलाने मोजलेले दोन ठिपके शेजारचे नव्हतेच, त्यांच्यामधला एक ठिपका मजकुराने गिळला होता.

मोजताना मी दोन शेजारच्या ठिपक्यांवर कधी थांबत नाही. ठिपका स्वतःच अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो, त्यात पट्टी किंचित तिरकी लागते, आणि एवढ्या चुकीने एक रोलर सोडून दुसऱ्यावर बोट ठेवलं जातं. स्टीलची पट्टी घेऊन पहिल्या ठिपक्याच्या वरच्या कडेपासून आठव्या ठिपक्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजलं. २६४ मिलिमीटर भरले. मधे सात अंतरं. २६४ भागिले ७ म्हणजे ३७.७. आता मिलिमीटरची चूक सात जागी वाटली गेली, त्यामुळे या आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

३७.७ ला ३.१४ ने भागलं की १२ येतात. म्हणजे शोधायचा तो रोलर १२ मिलिमीटर व्यासाचा. आणि ३७.७ ची दुप्पट ७५.४. ड्रमचा परीघ या रोलरच्या बरोबर दुप्पट निघाल्यामुळेच मुलाची गल्लत झाली. हा दुपटीचा सापळा या आकाराच्या काट्रिजमध्ये कायमचाच आहे.

१२ मिलिमीटरचा रोलर म्हटल्यावर माझा पहिला संशय पीसीआरवर गेला, म्हणजे ड्रमला चिकटून फिरणारा काळ्या रबराचा बारीक चार्जिंग रोलर. पण संशयावर काट्रिज खोलणं मला पटत नाही, कारण त्याच काट्रिजमध्ये जवळपास त्याच जाडीचा आणखी एक रोलर असतो : मॅग रोलर, टोनरची काळी भुकटी ड्रमपर्यंत आणून देणारा. तो व्यासाने मोजला तर तोही संशयित ठरतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. परिघाचा हिशेब सरळ लागू होतो तो फक्त ड्रमच्या किंवा कागदाच्या वेगानेच फिरणाऱ्या रोलरला. पीसीआर ड्रमला घासून, ड्रमच्याच जोरावर फिरतो, म्हणून त्याचा हिशेब सरळ. मॅग रोलर गिअरवर चालतो आणि त्याचा पृष्ठभाग ड्रमपेक्षा जास्त वेगाने पळतो, म्हणजे टोनर पुरेसा पोचतो. त्यामुळे त्याच्यावरचा डाग कागदावर त्याच्या परिघापेक्षा कमी अंतराने उमटतो.

किती कमी, ते गिअरचे दात मोजून काढता येतं. ड्रमचा परीघ गुणिले मॅग रोलरच्या गिअरचे दात, भागिले ड्रमच्या ज्या गिअरवर तो चालतो त्याचे दात. समजा ड्रमच्या गिअरला ४० आणि मॅग रोलरच्या गिअरला १८ दात असले, तर ७५.४ गुणिले १८ भागिले ४० म्हणजे ३३.९ मिलिमीटर. अशा काट्रिजमध्ये मॅग रोलरचा डाग सात अंतरांत २३७ मिलिमीटरवर पोचला असता. आपले २६४ आहेत. फरक पावणेतीन सेंटीमीटरचा, त्यात डोळ्यांची चूक होऊच शकत नाही. सात अंतरं एकत्र मोजण्याचा फायदा तो हाच.

काट्रिजबाहेरचेही दोन-तीन रोलर असतात, त्यांना वगळण्यासाठी मी मशीन अर्ध्यात थांबवलं. कोरं पान सोडलं, कागद आत ओढला गेला, मनात दोन मोजले आणि झाकण उघडलं. झाकण उघडताच मशीन जागीच थांबतं. काट्रिज हळूच बाहेर काढलं. कागदाचा पुढचा भाग टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरच्या तोंडाशी होता, अजून तापलेला नव्हता, आणि त्याच्यावर ठिपका होता. बोट फिरवल्यावर तो पुसला जाऊन राखाडी ओरखडा उमटला. टोनर अजून वितळून बसला नव्हता, म्हणजे ठिपका फ्यूजरच्या आधीच पडला होता. फ्यूजरमधली टेफ्लॉनची नळी आणि प्रेशर रोलर तिथेच सुटले. तसंही या मशीनमध्ये ते दोन्ही १८ मिलिमीटरच्या आसपासचे, त्यांचा डाग ५६ मिलिमीटरवर आला असता.

मग काट्रिजची झडप उचलून ड्रमच पाहिला. पहिल्या वेळी काही दिसलं नाही, कारण टोनर लागल्यापासून कागदाला भिडेपर्यंत ड्रमचा अगदी छोटा भाग मधे असतो आणि ठिपका नेमका त्या भागात असायला हवा. पान पुन्हा सोडलं, या वेळी क्षणभर आधी थांबवलं. हिरव्या-निळ्या ड्रमवर टोनरचा एक काळा बिंदू स्वच्छ दिसत होता. कागदाला लागण्याआधीच ठिपका ड्रमवर तयार आहे, म्हणजे कागदाखालचा ट्रान्सफर रोलरही सुटला. तो स्पंजसारखा मऊ असतो आणि त्याची घाण बहुतेक वेळा पानाच्या पाठीमागे लागते. ताईंच्या पानांच्या पाठी स्वच्छ होत्या, हेही त्याला जुळत होतं.

ताईंनी विचारलं, “ड्रमवर आहे म्हणता, मग ड्रमच खराब ना?”

प्रश्न बरोबर होता. ड्रमवर टोनर दिसतो म्हणजे ड्रम दोषी असं नाही. ड्रम अंधारात विद्युतभार धरून ठेवतो. पीसीआर त्याच्या सगळ्या अंगावर साधारण उणे ६०० व्होल्टचा भार देतो. लेझर जिथे पडतो तिथला भार उतरतो, आणि टोनर नेमका त्या भार उतरलेल्या जागीच चिकटतो. भार शाबूत असलेली जागा टोनरला दूर ठेवते, ती कागदावर पांढरी राहते. म्हणून या मशीनमध्ये भार न मिळालेली किंवा गळालेली कुठलीही जागा काळी उमटते, मग कारण काहीही असो. ड्रमच्या पातळ लेपाला टोचा पडला असेल तर भार तिथून आतल्या ॲल्युमिनियममध्ये गळतो. ड्रम धडधाकट असून पीसीआरवर काही बसलं असेल, तर त्या जागी भारच पोचत नाही. दोन्हींचा ठिपका सारखाच दिसतो. फरक फक्त अंतरात : टोच्याचा ७५.४ वर, पीसीआरचा ३७.७ वर. (जुन्या लेन्सच्या झेरॉक्स मशीनमध्ये नेमकं उलटं असायचं. तिथे भार असलेल्या जागी टोनर बसायचा, म्हणून ड्रमचा टोचा पांढरा दिसायचा. त्या मशीनवर हात बसलेले कारागीर अजूनही कधीकधी त्याच सवयीने बोलतात.)

मग काट्रिज खोललं. खोलण्याआधी ठिपक्यांची ओळ पानाच्या मध्यापासून किती दूर आहे ते मोजून ठेवलं : ४४ मिलिमीटर डावीकडे. ड्रमच्या मध्याशी पानाचा मध्य जुळवून, छापलेली बाजू ड्रमकडे करून धरलं की कुठे पाहायचं ते आधीच कळतं. पिना काढल्या, ड्रम उचलून लगेच काळ्या कापडात गुंडाळला, कारण उजेडात राहिला की ड्रम थकतो आणि मग नसलेला दोष दिसायला लागतो. मागे पीसीआर आपल्या दोन खोबणींत स्प्रिंगवर बसलेला होता. तो काढून खिडकीजवळ तिरप्या उजेडात हळूहळू फिरवला. मध्यापासून ४४ मिलिमीटरवर, मॅट काळ्या रबरावर, एक चकचकीत फुगवटा होता. खसखशीच्या दाण्याएवढा. टोनर आणि कागदाची धूळ दाबून-दाबून झालेली ती गाठ होती. कॅलिपर लावला. रोलर १२ मिलिमीटर.

किंचित ओलसर मऊ कापडाने, नुसत्या पाण्याने, मी ती गाठ पुसली. इथे थिनर, पेट्रोल, पॉलिश पेपर असलं काही लावू नये. रबराच्या वरचा वीज वाहणारा लेप गेला की एका ठिपक्याऐवजी सगळं पान राखाडी येतं. गाठ निघाली, पण तिच्याखाली रबरात बारीकसा खड्डा पडला होता. रोलर पूर्ण सुकू दिला, जोडलं, कोरं पान काढलं. ठिपके आठच, पण फिके, पेन्सिलीने टेकवल्यासारखे. अंतर मोजलं, तेच २६४. म्हणजे निदान पक्कं झालं, पण पुसून भागणार नव्हतं. माझ्याकडच्या नव्या पीसीआरने तो बदलला. ज्या टोकाकडून रोलरला वीज मिळते तिथली खोबण पुसून, वीज वाहणारं ग्रीस पुन्हा पातळ लावलं. ते विसरलं तर भार कमी-जास्त पोचतो आणि नवंच दुखणं सुरू होतं.

पान काढलं. आठातले सगळे गेले.

पण पानाच्या उजव्या अंगाला, जिथे आधी कोणी लक्ष दिलं नव्हतं, एक फिका ठिपका होता. त्याच्या खाली दुसरा. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत मोजलं, २२६ मिलिमीटर. तीनने भागलं की ७५.३. या वेळी खरोखरच ड्रम. दुसऱ्यांदा टाकलेल्या नव्या ड्रमला बसवताना कुठेतरी टोचा बसला असणार, बहुधा पिनेचं टोक. डावीकडचे गडद ठिपके असेपर्यंत हा फिका कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता.

मी ताईंना त्यांचा मूळ ड्रम मागितला. त्यांनी ड्रॉवरमधून काळ्या कागदातली ती गुंडाळी काढली. ड्रमवर बोटांचे ठसे नव्हते, लेप दोन्ही टोकांना थोडा घासला होता, मधे स्वच्छ होता. तोच परत बसवला, हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेनेच दोन फेरे फिरवले, कारण उलटा फिरवला तर साफसफाईच्या ब्लेडची धार मुडपते. पाच कोरी पानं काढली. पाचही पूर्ण पांढरी. पहिल्या दिवशी खराब ठरवून काढलेला ड्रम मुळात चांगला होता.

रिफिलिंगवाला मुलगा संध्याकाळी दुकानात आला. मी त्याला जुना पीसीआर आणि आठ ठिपक्यांचं पान दाखवलं. त्याने स्वतः पट्टी घेऊन पहिल्यापासून आठव्यापर्यंत मोजलं, मोबाईलवर भागाकार केला, आणि पहिली गोष्ट विचारली ती ही : “मग जिथे ९४ येतं तिथे काय?”

त्याच्या हातात दुसरी मशीनंही असतात, म्हणून प्रश्न नेमका होता. ९४ म्हणजे ३० मिलिमीटरचा ड्रम, जसा ब्रदरच्या बऱ्याच मशीनमध्ये असतो. त्या कंपनीच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे की दर ९४ मिलिमीटरला ठिपके आले तर ड्रमवर लेबलचा डिंक किंवा तसलं काही चिकटलेलं असू शकतं. आपल्याकडे द्राक्षाच्या हंगामात हे हमखास दिसतं. दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमध्ये खोक्यांचे स्टिकर लेझरवर काढतात, अर्धा वापरलेला कागद पुन्हा ट्रेमध्ये जातो, आणि उघड्या राहिलेल्या जागेचा डिंक ड्रमला लागतो. अशा वेळी ड्रम बदलण्याआधी ठिपक्याचं पान ड्रमवर धरून जागा हेरावी, गिअर हाताने फिरवत डाग शोधावा आणि कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसावा. टोकदार वस्तू अजिबात नको. डिंक असेल तर निघतो आणि ड्रम वाचतो. टोचा असेल तर निघत नाही, मग बदलायला हरकत नाही.

आणि ठिपक्यांना अंतरच नसेल, कुठेही कसेही पडत असतील, तर या सगळ्या मोजणीचा उपयोग नाही. तेव्हा गळणारा टोनर किंवा कागदाच्या वाटेतली घाण शोधावी लागते, कारण रोलरवरच्या एका जागेचा दोष ठरावीक अंतरानेच उमटतो.

ताईंनी या मशीनची अंतरं लिहून मागितली. मी एका चिठ्ठीवर लिहिलं : ३८ पीसीआर, ७५ ड्रम, ५६ फ्यूजर. त्याखाली, “फक्त याच मशीनसाठी”, कारण शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या मशीनला हे आकडे लावले की पुन्हा चांगला भाग बदलला जाईल. ताई ती चिठ्ठी प्रिंटरच्या झाकणाच्या आतून चिकटवायला निघाल्या, तेव्हा मी थांबवलं. आत गरम होतं, चिकटपट्टी सुटते, आणि तिचा डिंक जाऊन बसतो तो ड्रमवरच. ती चिठ्ठी आता काउंटरच्या काचेखाली आहे.